सरासरी काढण्याआधी: चार मापनश्रेण्या कशा ओळखायच्या

दोन वर्षांपूर्वी प्रकल्पासाठी माझ्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थ्याने संत्र्यांचं छोटं सर्वेक्षण केलं होतं. अंबिया बहाराची संत्री बाजारात आली होती. नागपूरच्या गोकुळपेठेतल्या दोन दुकानांतून त्याने संत्री घेतली आणि प्रत्येक दुकानाची पाच जणांना चाखायला दिली. मग स्प्रेडशीटमध्ये दहा ओळी भरल्या. रकाने होते चाखणाऱ्याचा पिनकोड, चवीला दिलेले एक ते पाच गुण, वयोगट, त्या दिवशीचं तापमान, संत्र्याचं वजन आणि रसाचं ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या साखरेसारख्या घटकांचं माप. खाली शेवटच्या ओळीत त्याने प्रत्येक रकान्याची सरासरी काढली होती. पिनकोडचीसुद्धा.

मी त्यावर बोट ठेवलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, उत्तर तर येऊन राहिलं ना बरोबर, मग चुकलं काय?"

प्रश्न रास्त होता. बेरीज बरोबर होती आणि भागाकारही बरोबर होता. चूक कुठे आहे ते शोधायची एक रीत आहे. ती मी त्याला त्याच शीटवर करून दाखवली, इथेही तीच सांगते.

पहिली पायरी: आकडे बदलून पाहा

चार श्रेण्यांची नावं आहेत नामश्रेणी, क्रमश्रेणी, अंतराल श्रेणी आणि गुणोत्तर श्रेणी. कॉलेजात नॉमिनल, ऑर्डिनल, इंटरव्हल आणि रेशो हे शब्दच जास्त ऐकू येतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी 1946 साली ही विभागणी मांडली. पुस्तकात त्यांच्या व्याख्या ओळीने दिलेल्या असतात. मुलं त्या पाठ करतात आणि शीट समोर आली की अडतात. म्हणून मी व्याख्येपासून सुरुवात करत नाही, एक प्रश्न विचारते.

या रकान्यातले आकडे मी कोणत्या प्रकारे बदलू शकते, की ज्यामुळे मूळची काहीच माहिती हरवणार नाही?

जितके जास्त बदल चालतात, तितकी त्या आकड्यांत माहिती कमी. असा निरुपद्रवी बदल केल्यावर तुमचा निष्कर्ष टिकला, तर तो संत्र्यांबद्दलचा निष्कर्ष आहे. उलटला, तर तो तुम्ही निवडलेल्या आकड्यांतून आलेला आहे. पुढचं सगळं या एका कसोटीवर चालतं.

दुसरी पायरी: पिनकोडसारखे रकाने बाजूला काढा

'अ' दुकानाच्या पाच जणांचे पिनकोड होते 440001, 440010, 440012, 440022 आणि 440024. सरासरी 440013.8. आता कसोटी लावू. समजा पोस्टाने उद्या ठरवलं की 440001 आणि 440024 या दोन भागांचे क्रमांक आपसांत बदलायचे. पत्रं तरीही नीट पोचतील, कारण प्रत्येक भागाला आपला वेगळा क्रमांक आहे आणि पिनकोडचं काम तेवढंच आहे. म्हणजे इथे कसाही अदलाबदल चालतो, फक्त दोन वेगळ्या भागांना एकच क्रमांक मिळता कामा नये. ही नामश्रेणी.

आपल्याकडे पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झाला. त्याच्या रचनेचं श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकर यांना दिलं जातं. ते डाक खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतचे जाणकारही. त्यांच्या रचनेत पहिला आकडा विभाग सांगतो आणि पुढचे आकडे क्रमाने लहान भागाकडे नेतात. आकड्यांत इतकी शिस्त असूनही तो पत्ताच राहतो. 440024 हा 440012 च्या दुप्पट नाही, त्याहून 'जास्त' सुद्धा नाही.

त्यामुळे अशा रकान्यात मोजदाद करायची, कोणत्या भागातून किती जण आले त्याची टक्केवारी द्यायची, आणि सर्वांत जास्त वेळा आलेला भाग म्हणजे बहुलक सांगायचा. क्रम लावून मधला पिनकोड काढला तर तो मध्यक दिसेल, पण त्यालाही अर्थ नाही. रोल नंबर, मतदारयादीतला क्रमांक, बसचा मार्ग क्रमांक यांनाही हेच लागू.

एक सोय लगेच करून ठेवा. पिनकोड भरण्याआधी त्या रकान्याचा प्रकार टेक्स्ट करा. मग चुकून कुणी `=AVERAGE(B2:B11)` लिहिलं, तर उत्तराऐवजी `#DIV/0!` दिसेल. ती सूचना तुमच्या भल्याची आहे, ती घालवण्यासाठी रकाना पुन्हा नंबरमध्ये बदलू नका.

तिसरी पायरी: चवीच्या गुणांपाशी थांबा

सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे वेळ द्या.

चवीसाठी पाच पर्याय दिले होते: 1 बेचव, 2 साधारण, 3 ठीक, 4 चांगलं, 5 उत्कृष्ट. मिळालेले गुण असे होते:

'अ' दुकान: 3, 4, 4, 4, 4
'आ' दुकान: 2, 3, 3, 5, 5

सरासरी 'अ' ची 3.8 आणि 'आ' ची 3.6. विद्यार्थ्याने लिहिलं होतं, "अ दुकानाची संत्री अधिक चविष्ट आहेत."

आता कसोटी. या आकड्यांत खरी माहिती कोणती? उत्कृष्ट हे चांगल्यापेक्षा वर, चांगलं हे ठीकपेक्षा वर, एवढीच. 'ठीक' पासून 'चांगलं' जितकं दूर आहे, तितकंच 'चांगलं' पासून 'उत्कृष्ट' दूर आहे, असं चाखणाऱ्यांपैकी कुणीच सांगितलेलं नाही. पाच आकडे सारख्या अंतराने मांडले ते फॉर्म तयार करणाऱ्याने. म्हणून क्रम न मोडणारा कुठलाही बदल इथे चालायला हवा. उत्कृष्टला 5 ऐवजी 7 देऊ. खऱ्या अर्थाने उत्कृष्ट संत्रं क्वचितच मिळतं, त्यामुळे हे अवास्तवही नाही. गुण C रकान्यात असतील तर शेजारच्या रकान्यात हे लिहा:

```
=CHOOSE(C2,1,2,3,4,7)
```

'अ' दुकानाला उत्कृष्ट कुणीच दिलेलं नव्हतं, त्याची सरासरी 3.8 च राहिली. 'आ' दुकानाचे गुण झाले 2, 3, 3, 7, 7. बेरीज 22, सरासरी 4.4. आता 'आ' पुढे गेलं! संत्री तीच, चाखणारे तेच, त्यांनी दिलेले शेरेही तेच. फक्त एका शेऱ्यासाठी आपण वापरलेला आकडा बदलला आणि निकाल उलटला. हे स्क्रीनवर पाहिल्यावर तो मुलगा थोडा वेळ काही बोललाच नाही.

मध्यकाचं काय झालं ते पाहा. 'अ' चे गुण क्रमाने लावले तर मधला 4, म्हणजे चांगलं. 'आ' चा मधला 3, म्हणजे ठीक. आकडे बदलल्यावरही मधला माणूस तोच राहतो आणि त्याचा शेराही तोच राहतो. म्हणून क्रमश्रेणीला मध्यक चालतो. विखुरणी दाखवायची तर चतुर्थक चालतात. मध्यक शक्यतो शब्दांत लिहा. लोकांची संख्या सम असेल आणि मधले दोन शेरे 'ठीक' आणि 'चांगलं' असे वेगळे आले, तर 3.5 लिहू नका, 'ठीक आणि चांगलं यांच्या मध्ये' असं लिहा. साडेतीन नावाचा शेरा फॉर्ममध्ये कुठे होता?

पण मध्यकावरच थांबू नका, कारण पाचच शेरे असले की दोन दुकानांचा मध्यक सारखा यायला वेळ लागत नाही. मला त्याहून उपयोगी वाटतं ते प्रत्येक टप्प्यावर किती जण आहेत ते मोजणं. आपल्या उदाहरणात 'ठीक किंवा वर' म्हणणारे 'अ' कडे पाच, 'आ' कडे चार. 'चांगलं किंवा वर' म्हणणारे 'अ' कडे चार, 'आ' कडे दोन. 'उत्कृष्ट' म्हणणारे 'अ' कडे एकही नाही, 'आ' कडे दोन. शेवटच्या टप्प्यावर बाजू पलटली ना? सरासरीचा निकाल उलटू शकला तो याच कारणाने.

यातून एक पक्का नियम मिळतो. प्रत्येक टप्प्यावर एकच दुकान पुढे किंवा बरोबरीत असेल, आणि निदान एका टप्प्यावर पुढे असेल, तर क्रम राखून आकडे कसेही बदला, त्याचीच सरासरी जास्त येईल. मग 'अमुक दुकान सरस' असं बिनधास्त लिहा. टप्प्यांवर बाजू पलटत असेल, तर असे आकडे नेहमी शोधता येतात जे निकाल उलटवतील. तेव्हा नुसती सरासरी लिहून सोडणं म्हणजे वाचकापासून निम्मी गोष्ट लपवणं. पलटलेला टप्पा सांगा. "अ दुकानाची बहुतेक संत्री चांगली, आ दुकानाची काही उत्कृष्ट पण बाकीची ठीक किंवा साधारण" हे वाक्य 3.8 आणि 3.6 पेक्षा कितीतरी जास्त सांगतं.

अशा गुणांची सरासरी काढण्याची पद्धत सगळीकडे आहे, मला माहीत आहे. एकाच गोष्टीबद्दलचे दहाबारा प्रश्न विचारून त्यांची बेरीज केली तर तिला अंतराल श्रेणीसारखं वागवतात, आणि बरेचदा ते निभावतं. पण ते गृहीतक आहे, म्हणून अहवालात तसं लिहा, आणि दोन-तीन प्रकारे आकडे बदलून निकाल टिकतो का ते तपासा. एकाच प्रश्नाच्या पाच पर्यायांवर मात्र ही सवलत घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

वयोगटाचा रकानाही क्रमश्रेणीतच पडला होता, तो मात्र स्वतःच्या हाताने पाडलेला. फॉर्मवर 18 ते 25 ला 1, 26 ते 40 ला 2, 41 ते 60 ला 3 आणि त्यापुढे 4 असे कोड होते. सरासरी आली 2.4. म्हणजे किती वर्षं? गटांची रुंदी सारखी नाही आणि शेवटचा गट वरून उघडा आहे, त्यामुळे 2.4 वरून वय काढता येत नाही. 'पूर्ण झालेलं वय किती?' एवढंच विचारलं असतं तर खरं वय हाती राहिलं असतं. वर्षांवरून गट केव्हाही पाडता येतात, गटांवरून वर्षं परत मिळत नाहीत. फॉर्म छापण्याआधीच हे बघा, नंतर इलाज नाही.

चौथी पायरी: शून्य कुठून आलं ते विचारा

तापमान आणि वजन दोन्ही उपकरणाने मोजलेले, दोन्हींत दशांश, म्हणून दोन्ही सारखेच दिसतात. त्यांच्यात फरक शून्याचा आहे.

नागपूरकरांना तापमानाचं उदाहरण वेगळं शोधावं लागत नाही. पारा 40 वरून 44 वर गेला की कुणीतरी म्हणतंच, "दहा टक्के वाढलं." तेच फॅरेनहाइटमध्ये करा. 40 सेल्सियस म्हणजे 104 आणि 44 म्हणजे 111.2. वाढ होते सुमारे 6.9 टक्के. ऊन तेच आणि घामही तेवढाच, मग टक्के वेगळे का? कारण सेल्सियसचं शून्य पाणी गोठण्यापाशी ठेवलं आहे आणि फॅरेनहाइटचं दुसरीकडे. 'उष्णता मुळीच नाही' असा अर्थ दोन्हीकडे नाही. म्हणून 'दुप्पट गरम', 'इतके टक्के जास्त' ही भाषा इथे लागू पडत नाही.

फरक मात्र टिकतात. 35 ते 40 आणि 40 ते 45 ही अंतरं सेल्सियसमध्ये सारखी आहेत, पाच-पाच अंश. फॅरेनहाइटमध्ये तीच 95 ते 104 आणि 104 ते 113, म्हणजे नऊ-नऊ. सरासरीही टिकते: 35, 40, 45 ची सरासरी 40, आणि 95, 104, 113 ची 104, म्हणजे पुन्हा 40 सेल्सियसच. प्रमाण विचलनही चालतं. ही झाली अंतराल श्रेणी. इथे पट्टीचं एकक बदलता येतं आणि शून्यही सरकवता येतं.

न चालणारी गोष्ट म्हणजे चलन गुणांक, प्रमाण विचलनाला सरासरीने भागून येतो तो. वरच्या तीन तापमानांचं प्रमाण विचलन सेल्सियसमध्ये 5 येतं, भागिले 40, म्हणजे 12.5 टक्के. फॅरेनहाइटमध्ये 9 भागिले 104, म्हणजे 8.7 टक्के. 'अमुक महिन्यात तापमान जास्त अस्थिर' असं चलन गुणांकावरून लिहिलेले अहवाल मी पाहिले आहेत. तिथे प्रमाण विचलनच द्यावं, अंशांत.

हीच गोष्ट आपल्या पंचांगातही आहे. इसवी सन 2000 च्या गुढीपाडव्याला शके 1922 सुरू झालं. दोन घटनांमध्ये किती वर्षं गेली याचं उत्तर दोन्ही गणनांत सारखंच येतं, पण सनाला सनाने भागायला कुणी जात नाही, कारण दोघांची सुरुवात वेगळी. मात्र 'किती वर्षं गेली' हा कालावधी स्वतः गुणोत्तर श्रेणीत बसतो, कारण शून्य वर्षं म्हणजे खरोखरच काही काळ गेला नाही.

वजनाचं तसंच. शून्य ग्रॅम म्हणजे वजन नाही, आणि हे शून्य कुणाला सरकवता येत नाही. बदलता येतं ते फक्त एकक. एक संत्रं 150 ग्रॅमचं आणि दुसरं 120 चं असेल, तर पहिलं सव्वापट. तोळ्यात मोजा की किलोत, सव्वापटच राहणार. इथे सरासरी, पट, टक्के, चलन गुणांक सगळं चालतं. किंमत, अंतर, मासिक खर्च, डझनांची संख्या हे सगळे याच घरातले, त्यांच्यावर जास्त वेळ घालवू नका.

पाचवी पायरी: नावावर जाऊ नका, प्रश्नावर जा

उरला ब्रिक्सचा रकाना. ते मोजायचं उपकरण हातात मावतं. काचेवर रसाचे दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून आतल्या पट्टीवर निळ्या-पांढऱ्याची सीमा कुठे पडते ते वाचायचं. वाचन 'अंश ब्रिक्स' असं लिहितात. विद्यार्थ्याने तर्क केला की अंश आहेत, म्हणजे तापमानासारखी अंतराल श्रेणी.

पण 10 अंश ब्रिक्स म्हणजे साखरेच्या 100 ग्रॅम पाकात 10 ग्रॅम साखर. शुद्ध पाण्याचं वाचन शून्य, उपकरण जुळवतातही त्यावरच. म्हणजे शून्याला 'विरघळलेलं काहीच नाही' असा पक्का अर्थ आहे. नावात अंश असूनही ही गुणोत्तर श्रेणी. 'अ' चं ब्रिक्स 10 आणि 'आ' चं 12 असेल, तर वजनाच्या प्रमाणात 'आ' च्या रसात विरघळलेले घटक 1.2 पट आहेत असं म्हणता येतं.

मात्र 'आ' ची संत्री 1.2 पट गोड आहेत, असं म्हणता येत नाही. जिभेला लागणारा गोडवा रसातल्या आंबटपणावरही ठरतो, आणि ब्रिक्समध्ये साखरेसोबत इतर विरघळलेले घटकही मोजले जातात. तोच आकडा विद्राव्य घटकांबद्दल बोलताना गुणोत्तर श्रेणीत असतो. गोडव्याबद्दल बोलायला लागलात की तो फार तर क्रम सुचवतो, आणि कधीकधी तेवढंही नाही. बोर्डाच्या गुणांचंही असंच आहे. मिळालेले गुण म्हणून 80 हे 40 च्या दुप्पट आहेतच, पण 80 वाल्याला विषय दुप्पट कळतो असं त्यातून निघत नाही, आणि शून्य मिळालेल्याला काहीच येत नाही असंही नाही. म्हणून रकान्याचं शीर्षक वाचून श्रेणी ठरवू नका. अहवालात जे वाक्य लिहिणार आहात ते आधी कागदावर लिहा आणि त्या वाक्याला कोणती श्रेणी लागते ते बघा.

या चार घरांत न बसणारे रकानेही भेटतील. झोपायची वेळ विचारली आणि एकाने 23 वाजता, दुसऱ्याने 1 वाजता असं लिहिलं, तर सरासरी येते दुपारचे 12. घड्याळ वर्तुळ आहे, वाऱ्याची दिशाही तशीच. झोपेच्या वेळेसाठी सोपा उपाय म्हणजे दुपारी 12 पासून तास मोजणं. मग आकडे 11 आणि 13 होतात आणि सरासरी 12, म्हणजे मध्यरात्र.

त्या मुलाने शीटची शेवटची ओळ पुसली आणि शीर्षकाखाली एक नवी ओळ घातली. पिनकोडखाली 'फक्त मोजणी', चवीखाली 'मध्यक आणि टप्पे', तापमानाखाली 'सरासरी, फरक. टक्के नाही', वजन आणि ब्रिक्सखाली 'सर्व चालेल'. वयोगटाखाली त्याने 'पुढच्या वेळी वर्षं विचारणे' असं लिहिलं आणि चाखणाऱ्या दहा जणांना वय विचारायला फोन लावायला बसला.